पिचकारी पाठवली, बंदूक पोचली: एकच इमोजी दोन फोनवर वेगळा का दिसतो?

रानजाई

रंगपंचमीच्या आदल्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी निरोप टाकला: "उद्या सकाळी दहाला गच्चीवर जमायचं. रंग आमच्याकडे, 🔫 प्रत्येकाने आपापली आणायची." माझ्या फोनवर ही हिरवी, प्लास्टिकची पिचकारी दिसते. थोड्याच वेळात तळमजल्यावरच्या काकूंचा फोन आला. "अगं, रिव्हॉल्व्हर कसलं आणायला सांगतेयस?" आवाजावरून त्या खरोखर घाबरलेल्या होत्या.

खाली जाऊन त्यांचा फोन बघितला. व्हॉट्सॲप उघडल्यावर तिथे पिचकारीच होती. पण स्क्रीन वरून खाली ओढली की नोटिफिकेशनमध्ये त्याच निरोपात, त्याच जागी काळपट खरं पिस्तूल! एकाच फोनवर, एकाच वाक्यात दोन चित्रं.

माझे प्रश्न असे. हे चित्र नेमकं कोण ठरवतं? एकाच फोनवर दोन कशी दिसली? आणि चेहऱ्यांच्या बाबतीतही असं होतं का? कारण तसं असेल, तर मी हसून लिहिलेलं समोरच्याला खवचट वाटत असेल, आणि मला ते कळायलाही मार्ग नाही.

किरमिजी

व्हॉट्सॲपवर हे व्हायला नको. त्यांचे इमोजी त्यांनी स्वतः काढलेले आहेत, त्यामुळे सगळ्यांना सारखेच दिसतात. फरक पडतो तो साध्या एसेमेसमध्ये आणि ईमेलमध्ये. काकूंच्या फोनवर कोणीतरी भलतं थीम टाकून दिलं असेल. घरातल्या मुलांना विचारा.

अक्षरजुळारी

किरमिजी, अर्धं बरोबर आहे. अँड्रॉइडवर आणि कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये व्हॉट्सॲप स्वतःची चित्रं वापरतं. तो संच त्यांनी 2017 मध्ये आणला, त्याआधी अँड्रॉइडवरही ते ॲपलचीच चित्रं दाखवायचे. आयफोनवर मात्र आजही ॲपलची चित्रं दिसतात. म्हणजे एकाच ग्रुपमध्ये निदान दोन संच आलेच.

रानजाई, काकूंच्या फोनवर अँड्रॉइड कितवं आहे? सेटिंग्जमध्ये अगदी खाली "फोनबद्दल" असतं, तिथे बघा. माझा अंदाज आहे की नऊच्या आधीचं असणार.

रानजाई

बघून आले. सात आहे. अपडेट यायचे कधीच बंद झालेत. थीम वगैरे काही नाही, फोन घेतल्यापासून जसाच्या तसा आहे.

अक्षरजुळारी

मग उलगडा झाला. मी देवनागरी फॉन्टवर काम करतो, त्यामुळे जरा मुळापासून सांगतो.

तुम्ही पाठवलं ते चित्र नव्हतंच. फोनमधून बाहेर पडला तो फक्त एक क्रमांक. पायथॉन असेल तर स्वतः बघता येईल:

```
>>> hex(ord("🔫"))
'0x1f52b'
```

हा U+1F52B युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या अक्षरांना आणि इमोजींना क्रमांक देणाऱ्या, यादीत 2010 साली आला, तिथलं त्याचं नाव PISTOL. यादीत क्रमांक असतो, नाव असतं आणि नमुना म्हणून एक काळंपांढरं चित्र असतं. ते चित्र बंधनकारक नाही. प्रत्यक्ष चित्र निरोप वाचणाऱ्याच्या फोनमधल्या फॉन्टमधून येतं.

आपल्याला हे ओळखीचं असायला हवं. आपला पाकळीयुक्त "ल" आणि हिंदीतला दांडीला टेकलेला "ल" यांचा युनिकोड क्रमांक एकच आहे, U+0932. देठयुक्त "श"चंही तसंच. मी मराठी वळणाने लिहिलेला "ल" तुमच्या फोनवर हिंदी वळणाचा दिसतो, कारण तुमच्या फोनमधला फॉन्ट तसा आहे. अक्षराचं वळण बदललं तरी वाचताना अडत नाही. पिस्तूल आणि पिचकारीत मात्र सगळा अर्थच बदलतो.

आता काकूंचा फोन. व्हॉट्सॲप उघडल्यावर जे दिसतं ते व्हॉट्सॲपच्या पोटातलं चित्र, आणि ॲप अपडेट होत राहिल्यामुळे ते आजचं, पिचकारीचं. नोटिफिकेशन मात्र व्हॉट्सॲप रंगवत नाही. ते फक्त मजकूर फोनच्या हवाली करतं आणि तो दाखवायचं काम अँड्रॉइड करतं, स्वतःच्या फॉन्टने. अँड्रॉइड सातच्या फॉन्टमध्ये U+1F52B म्हणजे खरं पिस्तूल होतं. त्या वेळी बहुतेकांकडे तसंच होतं. फोन अपडेट होणं थांबलं आणि त्यातली चित्रंही त्या साली थांबली. अँड्रॉइड बारापासून इमोजीचा फॉन्ट अख्खी सिस्टिम न बदलताही अपडेट करायची सोय आली, पण काकूंच्या फोनला तिचा उपयोग नाही.

ताडून बघायचं असेल तर त्यांच्या फोनवर नोट्समध्ये किंवा एसेमेसच्या खिडकीत 🔫 टाका. तिथेही पिस्तूलच दिसेल.

रानजाई

टाकलं. पिस्तूलच! काकूंना समजावून सांगितलं, आता त्या निवांत आहेत. पण मग पिस्तुलाची पिचकारी केली कोणी? नाव तर अजून PISTOL आहे म्हणताय.

टोरांटोकर

हा भाग मी त्या वेळी उत्सुकतेने पाहिला होता, म्हणून लिहितो.

2016 च्या उन्हाळ्यात ॲपलने जाहीर केलं की आयओएस 10 मध्ये पिस्तुलाच्या जागी हिरवी पिचकारी येणार. अमेरिकेत बंदुकीच्या हिंसेवरून वातावरण तापलेलं होतं. नेमक्या त्याच ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने उलटं केलं. विंडोजवर तोवर खेळण्यातली, अंतराळवीरांच्या चित्रकथेत असते तशी किरणांची बंदूक होती, ती काढून त्यांनी खरं रिव्हॉल्व्हर आणलं. इतरांशी जुळावं म्हणून आणलं, आणि ज्यांच्याशी जुळवायचं त्यातला सगळ्यात मोठा तेव्हाच दुसरीकडे निघाला होता.

त्यानंतरची दीडएक वर्षं धोक्याची होती. आयफोनवरून कोणी "ये घरी, बघतेच तुला 🔫" असं लाडाने लिहावं आणि अँड्रॉइडवर किंवा विंडोजवर ते सरळ धमकी म्हणून वाचलं जावं. शब्द तेच, पाठवणाराही मनाने खेळकरच. इमोजींची माहिती देणाऱ्या इमोजीपीडिया या वेबसाइटच्या जेरेमी बर्जने तेव्हाच इशारा दिला होता की एकट्याने असा बदल करू नका, दोन्ही टोकांना वेगवेगळं दिसेल.

मग 2018 मध्ये एकामागून एक सगळे पिचकारीकडे आले: सॅमसंग, ट्विटर, गूगल, फेसबुक आणि शेवटी मायक्रोसॉफ्टही. तिथे प्रकरण मिटलं असं वाटलं होतं, पण 2024 साली एक्सने, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरने, स्वतःच्या संचात पुन्हा खरं पिस्तूल आणलं. त्यामुळे रानजाईंचा निरोप कोणी एक्सवर टाकला आणि दुसऱ्याने तो कॉम्प्युटरवर उघडला, तर अगदी नव्या कॉम्प्युटरवरही काकूंना दिसलं तेच दिसेल. दोष फक्त जुन्या फोनचा नाही.

अक्षरजुळारी

नावाबद्दल राहिलं. युनिकोडमध्ये एकदा दिलेलं नाव कधीही बदलत नाही, चुकलं असलं तरी, कारण जगभरच्या सॉफ्टवेअरमध्ये ते बसलेलं असतं. म्हणून PISTOL तसंच राहिलं. मात्र कीबोर्डवर शोधताना किंवा दृष्टिहीनांसाठी स्क्रीन वाचताना जे छोटं नाव वापरतात, ते वेगळ्या यादीत असतं आणि बदलता येतं. तिथे आता water pistol आहे.

नाना सोलापूरकर

उत्तम चर्चा. माझाही असाच अनुभव आहे, तो इथे मांडतो. आमच्या माजी विद्यार्थी ग्रुपवर कुणाच्या निधनाची बातमी आली की निम्मे लोक 😪 हे टाकतात. माझ्या नातीने मला सांगितलं की आजोबा, हा रडणारा नाही, झोपलेला आहे. मला अतिशय वाईट वाटलं, कारण मीही तेच पाठवत आलो. कोणत्या कंपनीच्या फोनवर तो रडका दिसतो आणि कोणत्या फोनवर झोपलेला, हे कळलं तर मी ग्रुपवर तशी सूचना देईन.

अक्षरजुळारी

नाना, हे थोडं वेगळं प्रकरण आहे. 😪 सगळ्याच कंपन्यांकडे झोपाळूच आहे. युनिकोडमधलं नावही SLEEPY FACE. चेहऱ्याजवळ जो थेंब दिसतो तो अश्रू नाही, नाकातून आलेला फुगा आहे. जपानी चित्रकथांमध्ये गाढ झोपलेला माणूस तसा दाखवायची पद्धत आहे, आणि इमोजी मुळात जपानच्या मोबाइल कंपन्यांकडून आले. जपानी वाचकाला तो फुगा लगेच कळतो. आपल्याला, त्यातही इतक्या लहान आकारात, मिटलेले डोळे आणि थेंब एवढंच दिसतं आणि आपण रडू समजतो. थोडक्यात, फोन बदलला तरी हा गैरसमज जायचा नाही.

रडण्यासाठी 😢 किंवा 😭 आहेत. पण तुमच्या ग्रुपवर निम्मे लोक तो दुःखासाठीच वापरत असतील आणि बाकीचे तसाच वाचत असतील, तर तिथे त्याचा अर्थ पोचतोच आहे. वाईट वाटून घेऊ नका.

शमी

मूळ प्रश्नातल्या चेहऱ्यांकडे कोणी वळलंच नाही. पिस्तूल आपण रोज पाठवत नाही. मला भीती 🙄 ची वाटते. माझ्या जाऊबाई पूर्वी प्रत्येक वाक्याला तो लावायच्या. "पोहे छान झाले होते 🙄". मी किती दिवस मनात ठेवलं होतं! नंतर त्यांच्या फोनवर बघितलं तर तिथे तो गोड हसत वर बघणारा चेहरा होता.

टोरांटोकर

शमी, तुमच्या जाऊबाईंचा फोन कोणता ते विचारत नाही, पण हा फरक नोंदलेला आहे. सॅमसंगच्या 2018 पूर्वीच्या संचात 🙄 चे डोळे वर असायचे आणि तोंडावर चक्क हसू असायचं. इतरांकडे तोंड सरळ किंवा खाली वळलेलं, म्हणजे "झालं यांचं सुरू" असा भाव. 2018 च्या मोठ्या बदलात सॅमसंगनेही हसू काढलं. नावात फक्त डोळे फिरवण्याचा उल्लेख आहे, तोंडाबद्दल चकार शब्द नाही. तेवढी मोकळी जागा पुरते.

आणि चेहऱ्यांवर नीट अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये माणसाच्या चेहऱ्यासारखे 22 इमोजी घेतले, ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, सॅमसंग आणि एलजी या पाच जणांची चित्रं घेतली आणि लोकांना विचारलं की हा चेहरा किती आनंदी, किती नाराज, उणे पाच ते अधिक पाच या मोजपट्टीवर सांगा. त्यात 😁 चा निकाल बोलका आहे. बाकीच्यांचा 😁 लोकांना स्पष्ट आनंदी वाटला. ॲपलचा त्या वेळचा 😁 शून्याच्याही किंचित खाली गेला. गूगलचा पाहून कोणी "आनंदाने न्हालेला" म्हटलं, तर ॲपलचा पाहून "भांडायला सज्ज".

कारण चित्रात दिसतं. नावात "हसरे डोळे" आणि "दात दाखवून हसणं" एवढंच आहे. ॲपलने डोळे हसरे काढले होते, पण दातांच्या दोन्ही ओळी एकमेकींवर दाबलेल्या आणि तोंड आडव्या चौकटीसारखं. ओठांची कड वर वळलेलीच नव्हती. ते 😬 च्या, म्हणजे दात आवळून "अरे देवा" म्हणणाऱ्या चेहऱ्याच्या अगदी जवळ गेलं. आयओएस 10 मध्ये ॲपलने तोंड बदललं आणि तो हसायला लागला.

शमी

म्हणजे 2016 च्या आधी आयफोनवाल्याला कोणी अँड्रॉइडवरून "मला नोकरी लागली 😁" लिहिलं, तर त्याला ती दात आवळलेली बातमी वाटायची?

टोरांटोकर

वाटू शकायची. "नोकरी लागली" एवढे स्वच्छ शब्द असले की वाचणारा सांभाळून घेतो. खरी पंचाईत शब्द दोन्हीकडे झुकणारे असले की होते. "बरं, येते मी 😁" यात सगळा सूर त्या चेहऱ्यावरच उभा आहे. तो हसरा असेल तर ती आनंदाने येतेय, दात आवळलेला असेल तर नाइलाजाने.

त्याच अभ्यासातली एक गोष्ट मात्र विसरली जाते. दोघांना अगदी तेच चित्र दाखवलं तरी सुमारे चौथा हिस्सा वेळा चेहरा आनंदी, नाराज की मधला, यावरच त्यांचं जुळलं नाही. नानांचा 😪 त्याच जातीचा. सगळ्या कंपन्यांनी उद्या एकच संच वापरला, तरी गैरसमज कमी होतील, संपणार नाहीत.

किरमिजी

मला अजून पटत नाही. युनिकोडवाल्यांनी क्रमांकाबरोबर चित्रही ठरवून द्यावं, संपला प्रश्न. चूक त्यांची आहे.

अक्षरजुळारी

दोन अडचणी आहेत. एक, चित्र कोणाचं घ्यायचं? ॲपलचा संच त्यांच्या मालकीचा आहे, दुसऱ्याला तो वापरता येत नाही. गूगलचा नोटो मोकळ्या परवान्याखाली आहे, म्हणून अनेक अँड्रॉइड फोनवर तोच दिसतो. पण स्वतःचा चेहरामोहरा असलेली कंपनी दुसऱ्याचा संच का लावेल? दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. नमुन्याचं चित्र तंतोतंत गिरवायला गेलं तरी फसगत होते. अँड्रॉइड 4.4 मध्ये पिवळ्या हृदयावर, 💛 वर, चक्क केस होते. युनिकोडच्या तक्त्यातलं चित्र काळंपांढरं, त्यात रंग दाखवायला आडव्याउभ्या रेघा किंवा ठिपके भरतात. त्या खुणा कोणीतरी केस समजून रंगवल्या. प्रेमाने पाठवलेलं हृदय केसाळ पोचायचं.

युनिकोड हल्ली वेगळा उपाय करतं आणि मला तो योग्य वाटतो. एका क्रमांकाचे दोन अर्थ निघायला लागले की दुसरा क्रमांक द्यायचा. 🤭 काही संचांत डोळे मिटून खुदकन हसायचा, काहींत उघड्या डोळ्यांनी "बाई गं!" म्हणायचा. 2021 मध्ये उघड्या डोळ्यांसाठी 🫢 स्वतंत्र आला. आता 🤭 ने फक्त हसायचं.

रानजाई

मग पिचकारीला वेगळा क्रमांक द्यायला काय हरकत होती? पिस्तूल पिस्तूल राहिलं असतं, पिचकारी नवी आली असती. आपल्याकडे तर ती दरवर्षी लागते.

अक्षरजुळारी

माझंही मत तेच आहे, आणि या बाबतीत कंपन्या चुकल्या असं मी ठामपणे म्हणेन. कारण बदल पुढच्या निरोपांपुरता राहत नाही. साठवलेला असतो तो क्रमांक, चित्र दर वेळी नव्याने येतं. 2014 मध्ये कोणी रागाने "सोडणार नाही 🔫" लिहिलं असेल, तर तोच निरोप आज उघडल्यावर पिचकारी दाखवतो. आणि 2019 मध्ये ट्विटरवर कोणी रंगपंचमीचं बोलावणं लिहिलं असेल, तर आज तिथे पिस्तूल आहे. लिहिणाऱ्याने एक अक्षरही बदललेलं नाही.

टोरांटोकर

इथे मी वेगळा आहे. खरं पिस्तूल कीबोर्डवर एका बोटाच्या अंतरावर असू नये, ही ॲपलची भूमिका मला आजही पटते. नवा क्रमांक दिला असता तर जुनं पिस्तूल शेजारी राहिलंच असतं. थोडी वर्षं गोंधळ झाला ही किंमत मोठी होती, हे मान्य.

पण जुन्या निरोपांचा मुद्दा गंभीर आहे. फ्रान्समध्ये 2016 साली एका तरुणाला शिक्षा झाली, कारण त्याने माजी मैत्रिणीला पाठवलेल्या मेसेजमध्ये पिस्तुलाचा इमोजी होता आणि न्यायालयाने तो जिवाच्या धमकीत धरला. आता असाच वाद काही वर्षांनी उभा राहिला आणि न्यायाधीशांनी नव्या फोनवर तो मेसेज पाहिला तर? कायद्याचे अमेरिकी प्राध्यापक एरिक गोल्डमन हेच मांडत आले आहेत की पाठवणाऱ्याला काय दिसलं आणि घेणाऱ्याला काय दिसलं, दोन्ही तपासा.

किरमिजी

हा मुद्दा मला पटला. आमच्या गावाकडच्या जमिनीच्या वादात व्हॉट्सॲपचे मेसेज जपून ठेवलेत. चॅट एक्स्पोर्ट करून फाइल ठेवली आहे. तेवढं पुरेल ना?

अक्षरजुळारी

त्या .txt फाइलमध्ये इमोजीचे फक्त क्रमांक जातात, चित्रं नाहीत. दहा वर्षांनी उघडाल तेव्हा त्या वेळच्या कॉम्प्युटरची चित्रं दिसतील. ज्या निरोपात इमोजीवर अर्थ टांगलेला आहे, त्याचा स्क्रीनशॉट तुमच्या फोनवर आजच घ्या, आणि फोनचं मॉडेल व अँड्रॉइड कितवं ते त्याच दिवशी शेजारी लिहून ठेवा. समोरच्याच्या स्क्रीनवर काय होतं ते अंदाजाने काढता येतं. इमोजीपीडियावर कंपनी आणि आवृत्तीनुसार जुनी चित्रं बघायला मिळतात.

न्यायालयात स्क्रीनशॉट कसा आणि कोणत्या प्रमाणपत्रासह द्यायचा, हे इथल्या वकील मंडळींपैकी कोणी लिहिलं तर बरं होईल. त्यात मी पडत नाही.

नाना सोलापूरकर

ग्रुपवर 😢 वापरण्याची सूचना दिली आहे. तिघांनी उत्तर म्हणून 😪 पाठवला. अक्षरजुळारी, 🙏 बद्दलही कधी लिहा. आमच्याकडे तो नमस्कार आहे, पण नातीच्या मैत्रिणी त्याला टाळी म्हणतात.